नुसतं वाचायचं तर असतं

गीतकाराने आपल्या ताईला स्टुडिओत आणलं होतं ते खरं म्हणजे रडवायला. असं तोंडाने कुणी कबूल करत नाही, त्यानेही केलं नव्हतं. "ताई, एक गाणं रेकॉर्ड होतंय, तू नुसती ये, बस आणि ऐक," एवढंच तो म्हणाला होता. पण मनातल्या मनात त्याने सगळं रंगवून ठेवलं होतं. गायिका गाईल, दुसऱ्या कडव्याला ताईच्या डोळ्यांत पाणी येईल, ती म्हणेल, "बारक्या, हे माझ्यावर लिहिलंस?" आणि चौतीस वर्षं दोघांच्या मधे जे काही अडून बसलं होतं, ते एकदाचं वाहून जाईल. त्याला स्वतःला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

बारक्या हे नाव लहानपणी पडलं तेव्हा त्याला शोभत होतं. आता पन्नाशी उलटली होती आणि खुर्चीत बसताना तो आधी पोटाला जागा करून देई, मग स्वतः बसे. पण ताईच्या लेखी तो बारक्याच होता, आणि स्टुडिओच्या दारातही तिने त्याला त्याच नावाने हाक मारली. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट गालातल्या गालात हसला. गीतकार कानकोंडा झाला, पण त्याने ते हसण्यावारी नेलं. आजचा दिवस त्याचा होता. वीस वर्षांपूर्वी त्याचं एक गाणं घराघरांत वाजलं होतं, त्या पुण्याईवर तो बरेच दिवस जगला. पण गेल्या सहा वर्षांत त्याच्या नावावर एक धड गाणं नव्हतं. आणि आता खुद्द बाईंनी त्याच्याकडून शब्द मागितले होते.

बाई म्हणजे संगीतकार. वय सत्तरीच्या पुढे, केस आखूड, अंगात कायम एक राखाडी स्वेटर, आणि जिभेला हाड नाही म्हणून सगळीकडे ख्याती. त्यांच्याकडे काम करायला लोक टपलेले असत आणि घाबरतही असत. घाबरायचं कारण एक पाण्याचा पेला. बाईंचा नियम होता की कुठलंही गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधी एकदा मोठ्याने वाचायचं. गायचं नाही, वाचायचं. कवी असेल त्याने उभं राहायचं, एका हातात कागद, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला पेला. वाचताना चाल आत शिरली की हात ठेका धरतोच, आणि हाताने ठेका धरला की पाणी हलतं. पाणी हललं की बाई म्हणत, "परत."

गीतकाराने या पेल्याबद्दल ऐकलं होतं. म्हणून तर त्याने बाईंना कागद पाठवलाच नव्हता. चाल त्यांनी आधी करून दिली होती, त्यावर शब्द बसवायचे होते. बाईंनी तीनदा निरोप धाडला, "कागद पाठवा." तिन्ही वेळा त्याने कागदाऐवजी आपल्या आवाजात गाऊन पाठवलं. त्याचा आवाज गोड होता, अजूनही. गोड आवाजात काय वाटेल ते खपतं हे त्याला आयुष्यभर पाठ होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्याने ती मूठ चांगली आवळून धरली होती.

आवाजाची पातळी बघायला म्हणून गायिकेने गाणं एकदा पूर्ण म्हटलं. गळ्याभोवती मऊ रुमाल गुंडाळलेली, तिशीतली, कामात चोख अशी ही गायिका. आठवडाभर तिने चाल घोटली होती.

तू गं माझी सावली, गं तू माझी सावली,
जणू उन्हात माऊली, जणू मनात माऊली.

'सावली'च्या 'ली'वर बाईंनी चार मात्रांचा लांब सूर ठेवला होता आणि गायिका तो असा काही लांबवत होती की खोलीतली हवासुद्धा जरा थांबल्यासारखी वाटली. रेकॉर्डिस्टने चष्मा काढून पुसला. दुसऱ्या कडव्यात 'नाही' या शब्दाशी चाल वर चढत होती आणि तिथे एक मोठा विराम होता. तो आला तेव्हा गीतकाराला स्वतःलाच हुंदका आला. आपलंच गाणं ऐकून रडणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते ज्याचं त्याने ठरवावं. डोळे पुसून त्याने हळूच ताईकडे पाहिलं.

ताई भिंतीशी खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तोंडावरची रेषही हलली नव्हती.

"चाल छान आहे," ती म्हणाली.

"आणि शब्द?"

"शब्द अजून नीट कळले नाहीत. एकदा वाचायला मिळाले तर सांगते."

बाईंनी मान वळवून पहिल्यांदाच ताईकडे नीट पाहिलं. मग त्या गीतकाराला म्हणाल्या, "आणलाय का कागद आज तरी?"

आता पळवाट नव्हती. त्याने खिशातून दोन प्रती काढल्या. एक बाईंनी घेतली, कानामागची पेन्सिल काढली. कुणीतरी पेला भरून आणला.

"अहो बाई, शब्द चालीवरच लिहिलेत," गीतकार म्हणाला. "ते चालीतच ऐकायला हवेत. कविता वेगळी, गाणं वेगळं."

"बरोबर आहे. म्हणून तर वाचायचं," बाई म्हणाल्या. "कविता एकट्याने उभी असते, तिला सगळे बघून घेतात. गाण्यात माझा सूर शब्दाला कडेवर घेतो. कडेवरच्या पोराला चालता येतं की नाही हे कळायला त्याला एकदा खाली ठेवावं लागतं. ठेवा."

तो उभा राहिला. चारच शब्द वाचले असतील, 'सावली'शी आवाज आपोआप लांबला आणि पेला डचमळला.

"परत."

त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी हात घट्ट धरला, तर मान डोलू लागली. तिसऱ्यांदा मानही आवरली, तर चप्पलेतला अंगठा ठेका धरून बसला, आणि बाईंनी तोही पाहिला. पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत शिरलं.

"तुमच्याच्याने नाही होणार," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तुम्ही कागद बघताय पण वाचत नाही, ऐकताय. ही गायिका वाचेल तर हिच्या गळ्यात आठवडाभर चाल बसलीये. मी केली ती, म्हणजे माझंही नाव बाद. चाल एकदाच ऐकलेलं कुणी हवं." त्यांची नजर भिंतीकडे गेली. "ताई, तुम्हाला वाचता येईल का मोठ्याने?"

गायिका हसू दाबत खाली बघू लागली. एका साठीच्या, साध्या साडीतल्या बाईला असं विचारणं कुणालाही जरा आगाऊपणाचंच वाटलं असतं. ताईला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.

"अडतीस वर्षं तेच काम केलं," ती म्हणाली.

मग तिने थोडक्यात सांगितलं. एका छापखान्यात तिची नोकरी होती. प्रूफरीडर छापून आलेला कागद समोर घेऊन बसे आणि ही मूळ प्रत हातात धरून त्याला मोठ्याने वाचून दाखवी, शब्दन् शब्द, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हं, सगळं. शिशाचे खिळे गेले, संगणक आले, पण समोरासमोर बसून वाचणं सुटलं नाही. पाठ्यपुस्तकं, कायद्याची कलमं, औषधांची माहितीपत्रकं. ओळ जुळली की प्रूफरीडर म्हणायचा, "पुढे," आणि ती पुढे वाचायची. मूळ प्रतीतच काही विचित्र असलं तर दुरुस्त करण्याचा अधिकार तिला नव्हता. ती असेल तसं वाचायची आणि वर म्हणायची, "मुळात असंच."

"आवाज कसा ठेवायचा?" बाईंनी विचारलं. त्यांचे डोळे चमकले होते.

"ठेवायचा नाहीच. आवाजाने अर्थ लावला तर समोरच्याच्या चुका निसटतात. त्याला वाटतं, बरोबरच असेल."

"मग पेला नको तुम्हाला," बाई म्हणाल्या.

ताईने पर्समधून चष्मा काढला आणि चष्म्याच्या डबीतूनच एक सहा इंची लाकडी पट्टी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पट्टी पर्समध्येच होती. तिने कागद मांडीवर ठेवला, पट्टी पहिल्या ओळीखाली लावली, घसा साफ केला. गीतकाराने पेला खाली ठेवला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी त्याचा अभ्यास ती याच आवाजात घ्यायची.

"तू गं माझी सावली स्वल्पविराम गं तू माझी सावली स्वल्पविराम."

गायिकेने जिथे जीव ओवाळून टाकला होता ती ओळ डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपली. चार मात्रांचा सूर निघून गेला आणि मागे उरलं ते एवढंच: एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, दुसऱ्यांदा 'गं' इकडचा तिकडे सरकवून. बाईंच्या पेन्सिलीने कागदावर एक बारीक आवाज केला.

"जणू उन्हात माऊली स्वल्पविराम जणू मनात माऊली पूर्णविराम." ताई थांबली. "मुळात असंच."

"काय असंच?" गीतकाराने विचारलं.

"काही नाही. 'मनात माऊली'चा अर्थ लागला नाही मला. माझंच चुकत असेल."

चुकत नव्हतं. अर्थ नव्हताच. चालीला सहा अक्षरं हवी होती, 'उन्हात'शी 'मनात' जुळत होतं, आणि गाताना त्या जागी तबल्याची एक सुरेख तिहाई होती. तिहाईच्या गडबडीत कोण विचारतो की मनात कुणाची माऊली आणि कशाला?

"रात्र रात्र जागलीस तू स्वल्पविराम दिवा जळे उशाला स्वल्पविराम. सुख वाटे जीवाला रे स्वल्पविराम सुख वाटे जीवाला पूर्णविराम. मुळात असंच."

या वेळी गीतकाराने विचारलं नाही. त्याच्या कानाला सगळं आपोआप ऐकू यायला लागलं होतं, आणि ते बंद करायची काही सोय नव्हती. वर सावलीला 'गं' म्हटलंय, इथे तिलाच 'रे'. सूर उतरताना एक अक्षर कमी पडत होतं, तिथे हाताशी आलेलं 'रे' कोंबलं होतं. आठवडाभर गायिका ते गात होती, बाईंनी ऐकलं होतं, त्याने स्वतः शंभरदा म्हटलं होतं. कुणाला खटकलं नाही. बरं, सुख वाटे ते कुणाच्या जीवाला? जागणारीच्या की झोपलेल्याच्या? रात्र रात्र जागून कुणाला सुख वाटतं? गाताना ती ओळ दोनदा येई, आणि दोनदा आलेली गोष्ट माणसाला खरीच वाटते. ताईने तीही दोनदा वाचली, पण दुसऱ्यांदा ती पहिल्यापेक्षाही पोकळ वाजली.

त्याला वाटलं, आता कुणी दिवे बंद केले तर बरं होईल. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट एक बटण उगाचच पुसत होता. गायिका आपल्या नखांकडे बघत होती. सगळे त्याला सांभाळून घेत होते, आणि पन्नाशीच्या माणसाला लोकांनी असं सांभाळून घ्यावं यासारखी नामुष्की नाही.

ताईने पट्टी दुसऱ्या कडव्याखाली सरकवली.

"हसत हसत ठेविले तू स्वप्न उंबऱ्यापाशी स्वल्पविराम."

ती थांबली. 'मुळात असंच' म्हणाली नाही. पट्टी एक ओळ खाली गेली.

"नाही कधी मागितले तू काही माझ्यापाशी पूर्णविराम."

आवाज तोच होता. ना वर ना खाली. पण ओळ संपल्यावर ती गप्प बसली, आणि 'पुढे' म्हणायला तिथे कुणी नव्हतं.

"गंमत आहे," बाई म्हणाल्या. "सुरात ही सगळ्यात चांगली ओळ. 'नाही'वर माझा विराम आहे, तिथे लोक डोळे पुसतील. आणि वाचताना हीच घशात अडकते. पाशी-पाशी केलंय, ठेविले-बिविले केलंय, ते सोडा, ते सुधारता येतं. तेवढंच नाहीये. अहो, ही ओळ खोटी का वाजतेय?"

"ते... वृत्तासाठी," गीतकार म्हणाला. "भाव तो आहे. थोडी अतिशयोक्ती गाण्यात..."

"जाऊ दे हो," ताई मधेच म्हणाली. चष्मा काढून ती त्याच्या काचा पदराने पुसू लागली होती. "गाण्यात चालतं तेवढं. छान लिहिलंय त्याने. पुढचं वाचू का?"

त्या क्षणी गीतकाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरी पकडली गेली म्हणून नव्हे. जिचं चोरलं होतं तीच "असू दे, त्याचंच आहे" म्हणून त्याच्या बाजूने साक्ष देत होती. लहानपणापासून हेच चाललं होतं. त्याने बरणी फोडायची आणि तिने आईला सांगायचं की मांजर आलं होतं.

"वाचा पुढचं," बाई म्हणाल्या.

"दार नुसतं लोटून घे स्वल्पविराम कडी लावू नकोस अर्धविराम यायचाय तो अजून पूर्णविराम."

याही ओळीला तिने काही केलं नव्हतं, ना सूर ना कंप, आणि तरी सगळ्यांना ते दार दिसलं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"ही उभी आहे," त्या म्हणाल्या. "हिला माझी काही गरज नाही. चालीत ऐकताना हिच्याशीच मी अडले होते, म्हटलं ही एवढी बोलल्यासारखी का. आता कळलं. हे तुम्हीच लिहिलंत?"

'हो' म्हणायला जीभ टाळ्याला लागली होती. पण ताई समोर बसली होती आणि तिच्या हातात पट्टी होती.

"ताईचं आहे," तो म्हणाला. "आईला सांगायची ती. मी तालमीहून उशिरा यायचो तेव्हा."

म्हणजे अख्ख्या गाण्यात पायावर उभी अशी एकच ओळ, आणि तीही ढापलेली. बाईंनी पेन्सिल पुन्हा उचलली. घड्याळाकडे बघून त्यांनी सगळ्यांना वीस मिनिटं सुट्टी दिली, आणि गीतकाराच्या हातात आपली पेन्सिल देऊन म्हणाल्या, "दुसरं कडवं. चालीला धरून लिहू नका. चाल माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघीन."

बाहेरच्या बोळात एक बाक होतं आणि पाण्याचं यंत्र, जे दर थोड्या वेळाने एकटंच घुर्र करत होतं. गीतकार तिथे बसला. ओली बाही मनगटाला चिकटली होती.

काय खोटं आहे ते त्याला ओळ लिहिली त्या दिवसापासून माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

तो अठरा वर्षांचा होता, ताई सव्वीसची. वडील नव्हते, आई सततची आजारी, एकटीला ठेवण्यासारखी नाही. छापखान्याने ताईला सांगितलं होतं, प्रूफरीडरची परीक्षा द्या, पास झालात की समोरच्या खुर्चीत बसवू. परीक्षेचा वर्ग आठवड्यातून दोन दिवस होता, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी. तिने पुस्तक आणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. जेवणाच्या टेबलाशी ते उघडं ठेवून ती म्हणाली होती, "बारक्या, दोन संध्याकाळी आईजवळ बसशील? सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे." आयुष्यात तिने त्याच्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट. त्याच दिवशी त्याला गाण्याच्या एका ग्रुपमध्ये घेतलं होतं आणि तालमी नेमक्या संध्याकाळच्या. तालमी चुकवणं शक्य नाही, असं तो म्हणाला असता तरी एक वेळ ठीक होतं. पण तो आरशात केस विंचरत म्हणाला, "तुझं काय गं, नुसतं वाचायचं तर असतं. त्याला परीक्षा कशाला हवी?"

ती हसली नव्हती. रागावलीही नव्हती. तिने पुस्तक मिटलं आणि आईची औषधं काढायला उठली. पुढे नोकरीचं अडतिसावं वर्ष भरेपर्यंत ती त्याच खुर्चीत बसून वाचत राहिली आणि समोरच्या खुर्चीत पाच प्रूफरीडर येऊन गेले. त्यातल्या दोघांना तर कामही तिनेच शिकवलं. आणि याने लिहिलं काय, तर हसत हसत. का, तर चालीला 'हसत हसत' फार छान बसत होतं.

नुसतं वाचायचं तर असतं. आज तीन वेळा पेला घेऊन उभा राहिला आणि त्याला दोन ओळी नुसत्या वाचता आल्या नव्हत्या.

बाकावर बसून त्याने लिहायला घेतलं. सवयीने बोटं मांडीवर ठेका धरू लागली, तेव्हा तो हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला. प्रत्येक ओळ लिहिली की ओठांतल्या ओठांत बोलून बघायची. जिथे आवाजाला नटावंसं वाटलं ती खोडायची. 'अभागी मी' लिहिलं आणि खोडलं. त्यात स्वतःचीच कीव होती. 'क्षमा कर गं' लिहिलं, तेही खोडलं. मागायची ती आधी कबूल तर कर. जिथे घाईघाईने पुढे जावंसं वाटे तिथे बहुधा ओळ पोकळ निघत होती. आणि एका जागी मात्र ओळ पोकळ नव्हती तरी त्याला घाई होत होती. ती ओळ त्याने ठेवली. वीस मिनिटांत चारच ओळी झाल्या, आणि चारींत मिळून एकही यमक नव्हतं.

आत गेला तेव्हा त्याने स्वतःच पेला भरून घेतला.

"माझी प्रत?" बाईंनी विचारलं.

"एकच लिहिलीये."

"मग मी कशावर बघू?" त्या म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून त्यांनी ताईकडे पाहिलं. उठून त्या वाद्यांमागच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "बारक्या, उतरवून घ्या दुसऱ्या कागदावर आणि द्या त्यांना. पेन्सिल पण द्या."

बाईंच्या तोंडी 'बारक्या' ऐकून या वेळी कुणी हसलं नाही. त्याने ओळी दुसऱ्या कागदावर उतरवल्या, कागद आणि पेन्सिल ताईला दिली. ताईने पेन्सिल हातात धरून जरा वेळ तिच्याकडे पाहिलं, जणू कुणीतरी आपली वस्तू चुकून तिला दिली असावी. मग तिने कागद मांडीवर नीट ठेवला आणि पट्टी लावली. कागद वाचून बघितला नाही. तिच्या धंद्यात तसं करत नसत. आधी ऐकायचं, मग बघायचं.

तो उभा राहिला. डाव्या हातात पेला, उजव्या हातात कागद.

"दोन संध्याकाळी मागितल्यास तू पूर्णविराम."

ताईची पट्टी ओळीखाली होती. तिची मान वर झाली नाही.

"दिल्या नाहीत मी पूर्णविराम."

पाणी हललं नाही. पण आवाज खाली गेला होता, त्याला स्वतःलाही कळलं, शेवटचा शब्द गळ्यातच राहिला होता. पुढची ओळ सुरू करायला त्याने तोंड उघडलं.

"थांब," ताई म्हणाली. "ऐकू आलं नाही."

"दिल्या..."

"सगळी ओळ. पहिलीला जेवढा आवाज होता तेवढाच. कमी नाही, जास्त नाही."

तिच्या बोलण्यात राग शोधायला गेला तर तो सापडेना, माया शोधायला गेला तर तीही सापडेना. ती काम करत होती. त्याचे कान तापले, मान तापली. काचेपलीकडचा माणूस, ती गायिका, बाई, या सगळ्यांदेखत आपल्याला हे दुसऱ्यांदा म्हणायचंय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि पळून जायला या वेळी चाल नव्हती.

"दिल्या नाहीत मी पूर्णविराम."

ताईने ओळीवर पेन्सिलीची खूण केली नाही. पट्टी खाली सरकवली.

"पुढे," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही की हा शब्द तिने आजवर फक्त ऐकला होता. कळलं तेव्हा पेला हातात असताना डोळे कसे पुसायचे हा प्रश्न आला, म्हणून त्याने ते पुसलेच नाहीत.

"अवतरण सुरू. तुझं काय गं स्वल्पविराम नुसतं वाचायचं तर असतं पूर्णविराम अवतरण पूर्ण."

ताईची पेन्सिल कागदावर थोडा वेळ तशीच टेकून राहिली. गायिकेने गळ्याचा रुमाल मुठीत धरला होता. बाहेर पाण्याचं यंत्र घुर्र करून बंद पडलं.

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "असंच म्हणाला होतास." आणि पट्टी खाली सरकवून, "पुढे."

"तू पुस्तक मिटलंस पूर्णविराम," त्याने वाचलं, पहिल्या ओळीला होता तेवढ्याच आवाजात.